केवायसी सारखं नाकारलं जात होतं, ते असं सुटलं

माझी बायको इंडोनेशियन, आम्ही जकार्तात राहतो. तिचं म्युच्युअल फंडाच्या ॲपवरचं केवायसी दरवेळी "Data tidak sesuai", म्हणजे माहिती जुळत नाही, असं सांगून परत येई. फोटो तर स्वच्छ दिसत होता!

गोम निघाली एनआयकेमध्ये, म्हणजे इंडोनेशियातल्या नागरिकांच्या १६ आकडी ओळख क्रमांकात. ॲप ई-केटीपी या तिथल्या ओळखपत्राच्या फोटोवरून तो नंबर स्वतःच भरतं. सातव्या ते बाराव्या आकड्यांत जन्मतारीख असते आणि बायकांच्या बाबतीत दिवसात ४० मिळवलेले असतात. तिचा जन्म १५ ऑगस्ट १९९२ चा, म्हणजे तिथे 550892 हवं. ॲपने भरलं होतं 650892. ट्यूबलाइटची तिरीप नेमकी त्या ५ वर पडत होती.

मग कार्ड खिडकीजवळ काळ्या कापडावर ठेवलं, फ्लॅश बंद केला आणि चारही कोपरे येतील असा बरोबर वरून फोटो काढला. भरलेला नंबर कार्डाशी ताडून पाहिला. सेल्फीसाठी चष्मा काढून तिला उजेडाकडे तोंड करून बसवलं. त्याच संध्याकाळी मंजुरी आली.

नंबर बरोबर असूनही नकार येत असेल, तर दुकचापिल, म्हणजे तिथल्या सरकारी नागरिक नोंदणीच्या कार्यालयात जाऊन तिथली नोंद तपासून घ्या. तिथेच तफावत असेल तर फोटो बदलून काही होत नाही.