पीक कर्जासोबत विमा गळ्यात पडू नये म्हणून

खरिपाच्या तोंडावर पीक कर्ज मागायला गेले की जीवन विम्याचा अर्जही पुढे सरकवला जातो. आमच्या शेजाऱ्यांच्या 1,20,000 रुपयांच्या कर्जातून 12,000 रुपये असेच हप्त्यापोटी वळते झाले आणि बियाण्याला पैसे कमी पडले.

1. शांतपणे म्हणावे, "साहेब, विमा मला सध्या घ्यायचा नाही. कर्जासाठी तो सक्तीचा असेल, तर तेवढे या अर्जावर लिहून द्या." असे सहसा कोणी लिहून देत नाही, कारण तशी सक्ती करता येत नाही.

2. "मला फक्त पीक कर्ज हवे आहे, विम्यासाठी खात्यातून रक्कम कापण्यास माझी संमती नाही," असा दोन ओळींचा अर्ज देऊन आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. कोऱ्या फॉर्मवर मात्र सही करू नये.

3. तरीही पॉलिसी निघालीच, तर ती हाती पडल्यापासून 30 दिवसांत विमा कंपनीकडे लेखी अर्ज करून रद्द करता येते आणि थोडी कपात होऊन हप्ता परत मिळतो.

पंतप्रधान पीक विमा योजना वेगळी आहे. तीही ऐच्छिक असली, तरी कोरडवाहू कपाशी-सोयाबीन असल्यास ती रागाच्या भरात नाकारू नये.