हार्डनेस बघून यील्ड काढताय? या चुका टाळा

भोसरी, चाकण, तळवडे, कुठल्याही शॉपमध्ये जा, इन्स्पेक्शनच्या टेबलाशेजारी एक रॉकवेल मशिन असतंच आणि भिंतीवर एक कन्व्हर्जन चार्ट चिकटवलेला असतो. त्या चार्टमध्ये रॉकवेलचा एचआरसी, ब्रिनेलचा एचबी, विकर्सचा एचव्ही आणि शेवटच्या कॉलमात टेन्साइल असतं. लोक हार्डनेस मारतात, बोट आडवं सरकवत शेवटच्या कॉलमवर नेतात आणि तो आकडा डिझाइनला देतात. खरा घोळ इथेच होतो, कारण तो कॉलम टेन्साइलचा, म्हणजे मटेरियल तुटतं त्याच्या आधीच्या कमाल ताणाचा आहे, पार्ट कायमचा वाकायला किंवा ताणायला लागतो त्या यील्डचा नाहीये.

एका शॉपमधली केस सांगतो. हायड्रॉलिक क्लॅम्पिंग फिक्श्चर होतं, त्यात एम २० चे चार स्टड, एकेकावर साधारण १२० किलोन्यूटन लोड. एम २० च्या थ्रेडचा स्ट्रेस एरिया २४५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण झाला ४९० एमपीए. ड्रॉइंगवर लिहिलेलं ईएन ८, २०० एचबी, बस, यील्ड कुठेच नाही, हीट ट्रीटमेंटची कंडिशन नाही. स्टीलसाठी एचबीला ३.४५ ने गुणलं की टेन्साइल अंदाजे मिळतं, २०० चे झाले ६९०, आणि ६९० भागिले ४९० म्हणजे १.४ चा फॅक्टर, ठीक वाटलं सगळ्यांना. मटेरियल आलं ते नॉर्मलाइज्ड, हार्डनेस बरोबर २०० च्या आसपास, टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट व्यवस्थित, पास.

फिक्श्चर चालू झालं आणि काही दिवसांनी नट हाताने फिरेना, पान्याने सुद्धा जड जायला लागलं. आधी सगळ्यांनी थ्रेडला दोष दिला, मग नटला, मग ग्रीसला. शेवटी कोणीतरी पिच गेज लावला तर थ्रेडचा पिच वाढलेला, म्हणजे स्टड कायमचा लांब झालेला. आणि गंमत नाही, खरंच नीट लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्याच ताणलेल्या स्टडवर परत हार्डनेस मारला तर तो जरासा वाढलेलाच दिसला. ताणल्यावर स्टील वर्क हार्डन होतं ना, त्यामुळे फेल झालेल्या पार्टचा हार्डनेस बघून "मटेरियल तर चांगलंय" असं म्हणणं म्हणजे उलटीच दिशा पकडणं.

आता हे का झालं ते बघू. इंडेंटर धातूत घुसतो तेव्हा आजूबाजूचं मटेरियल त्याला अडवून धरतं, त्यामुळे हार्डनेसचा दाब हा साध्या ताणाच्या जवळपास तिप्पट निघतो. हे केंब्रिजच्या डेव्हिड टेबरने नीट मांडलं. पण तिप्पट कशाच्या? यील्डच्या नाही, तर मटेरियल साधारण ८ टक्के ताणलं गेल्यावर जो ताण सहन करतं त्याच्या, कारण विकर्सचा ठसा उमटवताना धातू सरासरी तेवढा ताणला जातो. म्हणून जे मटेरियल सुरुवातीला मऊ असतं आणि ताणल्यावर भराभर कडक होतं, त्याचा हार्डनेस आपल्याला त्या कडक झालेल्या अवस्थेबद्दल सांगतो. यील्ड मात्र त्याच्या बरंच खाली राहिलेलं असतं.

हे अंदाजे पकडायला कहून आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक सोपा फॉर्म्युला दिला:

```
YS = (HV x 9.81 / 3) x 0.1^n
```

यात YS एमपीएमध्ये आणि n म्हणजे वर्क हार्डनिंग एक्स्पोनंट, मटेरियल ताणल्यावर किती झपाट्याने कडक होतं त्याचा आकडा. आपला स्टड घ्या, २०० एचबी म्हणजे साधारण २१० एचव्ही. २१० गुणिले ९.८१ भागिले ३ म्हणजे ६८७. नॉर्मलाइज्ड ईएन ८ साठी n ०.२ धरला तर ०.१ चा ०.२ वा घात ०.६३ येतो आणि यील्ड निघतं साधारण ४३० एमपीए. आपला ताण होता ४९०. स्टड लांब होणारच होता, त्यात थ्रेडचा किंवा ग्रीसचा काही दोष नाही.

पण तोच २०० एचबीचा ईएन ८ कोल्ड ड्रॉन ब्राइट बार असता तर? तो भट्टीतून नाही, डायमधून ओढून कडक केलेला असतो, त्याचं बरंचसं वर्क हार्डनिंग आधीच होऊन गेलेलं असतं, n समजा ०.०५ धरला तर गुणक ०.८९ आणि यील्ड ६१० च्या आसपास. हार्डनेस तोच, टेन्साइल जवळपास तेच, पण यील्डमध्ये दीडशेहून जास्त एमपीएचा फरक. म्हणून "२०० एचबी" एवढंच लिहिलेलं ड्रॉइंग अर्धवट आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कंडिशन लिहायलाच हवी. (आणि ब्राइट बारला नंतर वेल्डिंग किंवा गरम करून बेंडिंग केलं तर तिथलं हे कडकपण जातं, हे वेगळं सांगायला नको पण तरी सांगतो.)

३०४ स्टेनलेसवर तर हा प्रकार अजून ठळक दिसतो. १७० एचव्ही, तीनने भागून ५५६, आणि n जवळपास ०.४ त्यामुळे यील्ड फक्त २२० च्या आसपास. चार्टवरचा कॉलम स्टेनलेसला लावणं ही तर चूकच, तो चार्ट मुळात साध्या कार्बन आणि लो अलॉय स्टीलसाठी बनवलेला असतो. अॅल्युमिनियम, पितळ, कास्ट आयर्न यांनाही ३.४५ लावू नका.

आता मुळात हार्डनेसच चुकीचा आला तर वरचं सगळं गणित वाया, तर ते कुठे चुकतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मऊ मटेरियलवर सी स्केल मारणं. त्याच स्टडवर एकाने १४ एचआरसी लिहिलं होतं. सी स्केल २० च्या खाली धरायचा नसतो. त्याचं कारण असं की सी स्केलचं इंडेंटर १२० अंशाचा डायमंड कोन, लोड १५० किलो, कडक स्टीलसाठी केलेलं, मऊ मटेरियलमध्ये तो खूप खोल जातो आणि तिथलं रीडिंग भरवशाचं राहत नाही, शिवाय खालच्या बाजूच्या आकड्यांसाठी नीट कन्व्हर्जन उपलब्धच नसतं. तिथे बी स्केल वापरायचं, १/१६ इंची बॉल, १०० किलो लोड, २०० एचबीला ते साधारण ९३-९४ दाखवतं. किंवा सरळ ब्रिनेल करा.

दुसरी गोष्ट, रॉकवेल खोली मोजतं हे लोक विसरतात. ब्रिनेल आणि विकर्समध्ये ठसा मारून नंतर त्याचा व्यास किंवा कर्ण मायक्रोस्कोपने मोजतात, पार्ट थोडा बसला-हलला तरी ठसा तेवढाच राहतो. रॉकवेलमध्ये आधी १० किलोचा छोटा लोड, मग मोठा लोड, मग परत छोट्यावर येऊन इंडेंटर किती आत राहिलं ते मोजतात, आणि एक पॉइंट म्हणजे फक्त ०.००२ मिलिमीटर. म्हणजे पार्टच्या खालच्या बाजूला बर असेल, एन्व्हिलवर चिप किंवा ग्रीस असेल आणि लोड पडल्यावर पार्ट ०.०१ मिलिमीटरने खाली बसला तर पाच पॉइंट गेले. मटेरियल मऊ नाहीये, पार्ट बसला फक्त. ओळखायचं कसं? पहिलं रीडिंग कमी आणि पुढची हळूहळू वर जाऊन स्थिरावली तर बसण्याचाच घोळ समजा, त्या सुरुवातीच्या रीडिंग टाकून द्या, एन्व्हिल पुसा, बर काढा, स्टँडर्ड ब्लॉक मारून बघा. ब्लॉक बरोबर येतोय आणि पार्ट खाली-वर करतोय म्हणजे मशिन ठीक आहे, पार्टच्या सपोर्टमध्ये गडबड आहे. इंडेंटर किंवा एन्व्हिल बदलल्यानंतरची पहिली एक-दोन रीडिंग तर कधीच धरायची नाहीत.

तिसरं म्हणजे गोल बारच्या अंगावर थेट हार्डनेस मारणं. फुगीर पृष्ठभागावर बाजूने आधार कमी मिळतो, इंडेंटर जास्त आत जातं, रीडिंग कमी येतं, बार जितका बारीक तितकं जास्त कमी, त्यासाठी करेक्शनचे टेबल असतात पण मी तर म्हणेन की छोटं फ्लॅट फाइल करून घ्या. त्याने अजून एक फायदा होतो, ब्लॅक बारच्या कातडीवर डीकार्ब, म्हणजे कार्बन कमी झालेला मऊ थर असतो तो निघून जातो. २८ एचआरसीला रॉकवेलचा ठसा ०.१४४ मिलिमीटर खोल, आणि डीकार्ब थर काही दशांश मिलिमीटरचा असू शकतो, म्हणजे आपण पूर्ण वेळ कातडीच मोजत बसलो. याच्या उलटं केस हार्डन पार्टमध्ये, वरून ६० एचआरसी आला म्हणून आतल्या गाभ्याचं यील्ड त्यावरून काढू नका, गाभा वेगळाच असतो, पार्ट कापून आत मोजा. आणि फ्लॅट करताना ग्राइंडर दाबून पार्ट निळा-पिवळा केला तर तिथला टेंपर बदलला, ते रीडिंग सोडून द्या.

बाकी अंतरं सांभाळा, ठशांच्या मध्यांमध्ये किमान तीन ठसे मावतील एवढं आणि कडेपासून अडीच, एवढं पुरे.

त्या फिक्श्चरवर परत येऊ. नवीन स्टड ईएन १९ चे, हार्डनिंग-टेंपरिंग केलेले टी कंडिशनचे बनवले, बीएस ९७० मध्ये या साइजला त्याचं टेन्साइल ८५० ते १०००, हार्डनेस २४८ ते ३०२ एचबी आणि यील्ड किमान ६८० आहे. हार्डनेस आला २८ एचआरसी, म्हणजे साधारण २८६ एचव्ही, तीनने भागून ९३५, आणि क्वेंच-टेंपर केलेल्या स्टीलचा n लहान, ०.०७ धरला तर यील्ड ८०० च्या जवळ. डिझाइनमध्ये मात्र ६८० च धरलं, ४९० वर १.३९ चा फॅक्टर. फॉर्म्युल्यातले ८०० धरायचे नाहीत, कारण n आपण अंदाजाने घेतलाय आणि n ०.०५ चा ०.१ झाला की यील्ड जवळपास नव्वद एमपीएने खाली येतं. फॉर्म्युल्याचा उपयोग एवढाच की २८ एचआरसी आणि किमान ६८० हे आपसात जुळतंय ना, की कुठेतरी हीट ट्रीटमेंट न झालेला किंवा भलताच बार आला, हे पटकन कळतं.

आणि जिथे यील्ड चुकल्यावर पार्ट सुटून कोणाला लागू शकतं, तिथे हार्डनेसवर थांबूच नका. त्याच हीटच्या, त्याच भट्टीच्या लॉटबरोबर हीट ट्रीट झालेल्या बारचा तुकडा एनएबीएल लॅबला टेन्साइलसाठी द्या, रिपोर्टमध्ये ०.२ टक्के प्रूफ स्ट्रेस वेगळा मागा, नाहीतर अनेकदा फक्त टेन्साइल आणि इलॉन्गेशन लिहून देतात. एकदा त्या तुकड्याचा हार्डनेस आणि प्रूफ स्ट्रेस दोन्ही हातात आले की त्या मटेरियल-कंडिशनसाठी स्वतःचं गुणोत्तर तयार होतं, आणि पुढच्या लॉटचा नुसता हार्डनेस मारला तरी त्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो, जोपर्यंत कंडिशन बदलत नाही तोपर्यंत.