डिटेन्शनच्या बिलातले तीन जास्तीचे दिवस

न्हावा शेवाला उतरलेला चाळीस फुटी कंटेनर, सात दिवस फ्री. माल आणण्याची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरच्या बिलात डिटेन्शन, म्हणजे रिकामा कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, १३ दिवसांचं, 'पोर्ट हँडलिंग' वेगळं आणि दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

आधी दिवस मोजले. डिस्चार्ज ३ जून. या शिपिंग लाइनच्या टॅरिफमध्ये तो दिवसही धरतात, म्हणून फ्री ९ जूनपर्यंत. बिलात शेवट २२ जून होता. ट्रान्सपोर्टरकडून एम्प्टी यार्डाची ईआयआर, म्हणजे रिकामा कंटेनर परत घेतल्याची स्लिप मागवली, तीवर गेट-इन १९ जून. म्हणजे खरे दिवस १०. २२ तारखेला फॉरवर्डरच्या माणसाने फक्त नोंद केली होती.

दर पहिल्या पाच दिवसांना रोज ४० डॉलर, पुढे ८०. त्यामुळे १० दिवसांचे ६०० होतात, १३ चे ८४०. चुकीचे दिवस नेहमी शेवटी, महाग स्लॅबमध्येच वाढतात.

मग लाइनचं मूळ इन्व्हॉइस मागितलं. (नुसतं 'अ‍ॅज पर अ‍ॅक्च्युअल' लिहिलेलं चालवून घेऊ नये.) त्यात डीओच्या, म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरच्या, वेळी भरलेला टर्मिनल हँडलिंग चार्ज होताच, 'पोर्ट हँडलिंग' म्हणजे तीच रक्कम दुसऱ्यांदा.

ईआयआर, टॅरिफचं पान आणि मूळ इन्व्हॉइस जोडून ईमेल केला, क्रेडिट नोट मागितली. ती आली. वाद नसलेली रक्कम मात्र लगेच भरली, नाहीतर पुढची डीओ अडते. आता लाइनला आधीच आपला जीएसटीआयएन कळवतो. इन्व्हॉइस थेट आपल्या नावावर निघतं.