कात्रणातली फोटोओळ बातमीत घुसू नये म्हणून

दोन रकान्यांची बातमी, मध्ये फोटो. असं कात्रण आख्खं ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅमला दिलं की डाव्या रकान्याची ओळ उजव्या ओळीला चिकटते आणि फोटोओळ भलत्याच वाक्यात शिरते. त्यामुळे ३०० डीपीआयवर स्कॅन करून आधी तुकडे कापा: मथळा, बातमीदाराची ओळ, फोटोओळ आणि प्रत्येक रकाना वेगळा. मग टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅममध्ये एकेक तुकडा वाचून घ्या:

```
tesseract rakana1.png rakana1 -l mar --psm 6
```

इथे `6` म्हणजे तुकड्यात मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे. एका ओळीच्या मथळ्याला `7` द्या.

गल्लत होते ती सुरुवातीला. ‘प्रतिनिधी’ ही बातमीदाराची ओळ. पण ‘पुणे, ता. १२ :’ बातमीचाच भाग, तो मजकुरातच ठेवा. ‘छाया :’ नंतरचं नाव छायाचित्रकाराचं, ते फोटोओळीसोबत जातं.

शेवटी रकाने जोडताना सांधा मोठ्याने वाचा. पहिल्या रकान्याचं अर्धं वाक्य दुसऱ्याच्या पहिल्या ओळीत पुरं झालं, तर क्रम बरोबर. ओळीअखेर तुटलेले शब्द मात्र मूळ कात्रण समोर ठेवून हातानेच जोडा, कारण ‘आई-वडील’सारखी खरी जोडरेषाही त्यात असू शकते.