रिफंडच्या नावाने आलेली ‘रिक्वेस्ट’ कशी तपासावी

समजा, बेळगावातल्या शहापूरच्या एका वहिनींनी ऑनलाइन मागवलेला १,४९९ रुपयांचा मिक्सर परत पाठवला. पैसे दारात रोख दिले होते. दोन दिवसांनी फोन येतो: “मॅडम, रिफंड पाठवलाय, ॲपमध्ये मंजूर करा.” यूपीआय ॲप उघडलं तर खरंच १,४९९ ची रिक्वेस्ट आणि खाली ‘Refund’ अशी नोंद. पण ती नोंद रिक्वेस्ट पाठवणाराच टाइप करतो. तिथे तो काहीही लिहील, बँक ते तपासत नाही.

कलेक्ट रिक्वेस्ट म्हणजे समोरच्याने तुमच्याकडे केलेली मागणी. ती मंजूर करून पिन टाकला की १,४९९ रुपये तुमच्याच खात्यातून जातात.

म्हणून आधी बटण बघा. रिक्वेस्टखाली Pay आणि Decline असे पर्याय असतात. पैसे घ्यायचे असतील तर Pay कशाला दाबायचं? पुढे पिन मागितला तर तिथेच थांबा. यूपीआय पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा शिल्लक बघायला, पैसे यायला कधीच नाही. फोनवरचा माणूस क्यूआर कोड किंवा लिंक पाठवू लागला, तरी पिनची हीच खूण लागू पडते.

मग नाव वाचा. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. आता येते ती व्यापारी खात्याकडून, त्यामुळे दुकानासारखं नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आत्ता, या घडीला, तुम्ही स्वतः त्या दुकानात काही खरेदी करत असाल आणि रक्कम जुळत असेल, तरच मंजूर करा. नाहीतर Decline.

खरा रिफंड कुठे आहे ते खरेदीच्या ॲपमध्ये, त्या ऑर्डरच्या पानावर कळतं. ऑनलाइन पैसे भरले असतील तर तो सहसा त्याच खात्यात परत येतो. रोख दिले असतील तर कंपनी आपल्या ॲपमध्ये खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी भरायला सांगते आणि रक्कम जमा करते. या वहिनींना तेवढंच करायचं होतं. फोन करणारा “लगेच करा, नाहीतर रद्द होईल” म्हणत असेल, तर फोन ठेवून द्या. रिफंड असा मिनिटात रद्द होत नसतो.

पिन टाकून झाला असेल तर उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेलाही कळवा. ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात १२ अंकी यूटीआर क्रमांक असतो, तो हाताशी ठेवा. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते. बेळगावात या कामासाठी सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं, पोलीस ठाणं आहे. तिथे जाताना व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि आलेल्या फोनचा नंबर बरोबर न्या, आणि तोवर ते मेसेज पुसू नका.