सरकारी रोख्याचे व्याजपत्रक घरी कसे तपासावे

दारव्हा तालुक्यातील एका सेवानिवृत्त गुरुजींनी 7.18 टक्के व्याजाचा, 2033 साली मुदत संपणारा केंद्र सरकारचा रोखा घेतला, असे समजू. दर्शनी मूल्य 1,00,000 रुपये, भाव दर 100 रुपयांना 101.20, सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि रोख्याची प्रत्यक्ष देवघेव, 4 नोव्हेंबरला. खात्यातून मात्र 1,01,200 ऐवजी 1,02,795.56 रुपये गेले. ही जास्तीची रक्कम दलाली नव्हे.

तुरीचे पीक उभे असताना शेत विकले, तर जमिनीचा भाव आणि तोवर वाढलेल्या पिकाचा मोबदला वेगवेगळा धरावा लागतो, कारण पुढे सगळी तूर घेणाऱ्याच्या घरी जाते. रोख्याचेही तसेच आहे. 101.20 हा व्याज वगळून सांगितलेला भाव, म्हणजे क्लीन प्राइस. त्यात मागील कूपनपासून, म्हणजे मागच्या वेळी व्याज मिळाले त्या तारखेपासून, साचलेले व्याज मिळवले की प्रत्यक्ष द्यावयाची डर्टी प्राइस मिळते.

पडताळणीसाठी प्रथम कूपनच्या तारखा पाहाव्यात. या रोख्याचे व्याज 14 फेब्रुवारी आणि 14 ऑगस्टला मिळते. नंतर 14 ऑगस्टपासून सेटलमेंटच्या दिवसापर्यंतचे दिवस मोजावेत, सौद्याच्या दिवसापर्यंतचे नव्हेत. सरकारी रोख्यांत प्रत्येक महिना 30 दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे धरतात, त्यामुळे 14 नोव्हेंबरपर्यंतचे 90 दिवस घेऊन त्यातून 10 वजा केले की 80 दिवस उरतात.

```
100000 × 7.18% × 80 / 360 = 1595.56
101200 + 1595.56 = 102795.56
```

आकडा जुळला नाही, तर फरकाकडे नीट पाहावे, कारण चूक बहुधा तिथेच सापडते. एका दिवसाचे व्याज 19.94 रुपये होते. तेवढाच फरक असेल तर मोजणीत एक दिवस चुकला आहे. 1,613.04 आले असतील तर कॅलेंडरचे 82 दिवस आणि 365 दिवसांचे वर्ष धरले गेले आहे. 1,614.70 आले असतील तर दर्शनी मूल्याऐवजी खरेदीच्या भावावर व्याज काढले आहे. हे दोन आकडे इतके जवळचे आहेत की नुसत्या अंदाजाने कारण ठरवू नये. दिवस किती धरले, हे विचारून घ्यावे. कंपन्यांच्या रोख्यांत प्रत्यक्ष दिवस मोजण्याची रीत आहे, त्यामुळे हीच कसोटी तिथे लावू नये.

14 फेब्रुवारीला गुरुजींच्या बँक खात्यात 7.18 टक्क्यांचे अर्धे, म्हणजे 3,590 रुपये जमा व्हायला हवेत. त्या दिवशी सुट्टी असेल तर रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी येते, पण मधल्या दिवसांचे जादा व्याज मिळत नाही. पत्रकात पूर्ण 3,590 रुपये दिसतील, त्यांपैकी 1,595.56 हे गुरुजींनी विकणाऱ्याला आधीच दिलेले पैसे परत आले, आणि उरलेले 1,994.44 हे त्यांच्या स्वतःच्या 100 दिवसांचे व्याज आहे.