2 लाखाचे साडेतीन लाख व्हायला व्याजदर किती लागतो, तो कसा काढायचा

निपाणीकडचं तंबाखूचं बिल आलं, त्यातले 2 लाख बाजूला ठेवायचेत आणि पोरीच्या इंजिनियरिंगला 7 वर्षांनी साडेतीन लाख हवेत. मग किती टक्क्यांची ठेव शोधायची?

आधी हव्या रकमेला हातातल्या रकमेने भागा. 1.75 येतं, इथपर्यंत सगळे बरोबर असतात.

पुढे मात्र कट्ट्यावरचा एक तरी शहाणा सांगतोच की 75 टक्के वाढ भागिले 7, म्हणजे 10.71 टक्के लागणार. हे ऐकू नका. व्याजावर व्याज चढत असताना 10.71 ने 7 वर्षांत 2 लाखाचे 4 लाखाच्या वर होतात, म्हणजे गरज नसताना एवढा दर शोधत फिराल आणि पुरेशी ठेव सोडून द्याल. एजंट लोक हाच हिशोब उलटा वापरतात, साडेतीन लाख देणाऱ्या स्कीमला "10.71 टक्के पडतात बघा" म्हणून खपवतात.

भागायचं नाही, 1.75 चं सातवं मूळ काढायचं. फोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं, त्यात असं टाका:

```
1.75^(1/7)
```

कंस विसरलात तर मशीन आधी 1.75 चा पहिला घात घेतं, मग 7 ने भागतं आणि 0.25 दाखवतं. पैसे वाढणार असताना उत्तर 1 पेक्षा कमी दिसलं की समजायचं, कंस राहिला. बरोबर उत्तर 1.0832 येतं, त्यातला 1 काढा, म्हणजे वर्षाला 8.32 टक्के. खात्री करायची तर 2 लाखाला 1.0832 ने सात वेळा गुणा, साडेतीन लाखाला साठ-सत्तर रुपये कमी भरतील, ते दशांश कापल्यामुळे.

एक्सेल किंवा शीट असेल तर एका ओळीत होतं:

```
=RATE(7,0,-200000,350000)
```

तुम्ही भरता ती रक्कम वजा चिन्हाने द्यायची. चिन्ह राहिलं तर #NUM! येतं आणि लोक फॉर्म्युल्यालाच शिव्या घालतात.

आता बँकेच्या बोर्डावरचा दर बघताना एक भानगड आहे. बँका एफडीवर व्याज बहुतेक दर तिमाहीला चढवतात, त्यामुळे 7 वर्षांचे 28 हप्ते धरा. 1.75 चं अठ्ठाविसावं मूळ 1.020187 येतं, म्हणजे तिमाहीला 2.0187 टक्के, गुणिले 4 केलं की 8.07. तिमाही चक्रवाढ असेल तर बोर्डावर 8.07 लिहिलेलं असलं तरी काम होतं, 8.32 च दिसायला पाहिजे असं नाही. पण टीडीएस कापला गेला तर रक्कम कमी भरणार, तो यात धरलेला नाही.

बेळगाव-खानापूरकडे एखादी सोसायटी बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते म्हणून लगेच सही करू नका, बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तो सोसायटीतल्या ठेवीला नसतो.